शून्याची जागा: डमी कोडिंग, इफेक्ट कोडिंग आणि इंटरसेप्ट

मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबवावा लागतो. विणकर तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो, आणि मगच काम पुढे सरकते. इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. पाळीत ताणा किती वेळा तुटला यावरच त्या पाळीचे कापड ठरते. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये सुती कापडावर संशोधन करणारे संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशाच तुटण्यांची मोजदाद आहे. ती आज R या संगणक-भाषेसोबत `warpbreaks` या नावाने आपोआप मिळते. नोंदी एकूण ५४. प्रत्येक नोंद म्हणजे सुताच्या ठरावीक लांबीत ताणा किती वेळा तुटला तो आकडा. लोकर दोन प्रकारची, A आणि B. धाग्यावरचा ताण तीन पातळ्यांचा: L म्हणजे कमी, M म्हणजे मध्यम, H म्हणजे जास्त. लोकर आणि ताण यांच्या सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या नऊ नोंदी आहेत.

रिग्रेशन शिकवताना मी बरीच वर्षे हीच आकडेवारी वापरते आहे. एके दिवशी पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी याच आकड्यांचे दोन प्रिंटआउट घेऊन आली. एकात लोकरीच्या प्रकारापुढे पी-मूल्य होते ०.००२७, दुसऱ्यात ०.०५८. "मॅडम, डेटा तोच, मॉडेल तेच. मग लोकरीने फरक पडतो की नाही?" ती घाबरली होती, कारण स्वतःच्या प्रबंधातही तिने हेच मॉडेल वापरले होते आणि तिथला निष्कर्ष लिहून झाला होता.

तिचे दोन्ही प्रिंटआउट बरोबर होते. फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते, आणि हे प्रश्न तिने विचारलेच नव्हते. ते ठरवले होते कोडिंगने. ते कसे, हे समजण्यासाठी लोकर थोडा वेळ बाजूला ठेवू आणि फक्त ताणाकडे पाहू.

ताणाच्या तीन गटांच्या सरासऱ्या अशा: L मध्ये ३६.३९ तुटणी, M मध्ये २६.३९, H मध्ये २१.६७. रिग्रेशनला मात्र "कमी", "मध्यम", "जास्त" हे शब्द कळत नाहीत. त्याला आकड्यांचे कॉलम लागतात. पहिला विचार असा येतो की प्रत्येक गटाला एक कॉलम द्यावा: नोंद त्या गटातली असेल तर १, नसेल तर ०. पण इंटरसेप्ट ठेवून असे तीन कॉलम घातले की अडचण होते. प्रत्येक नोंद कोणत्या ना कोणत्या एका गटात असतेच, त्यामुळे तिन्ही कॉलमांची बेरीज प्रत्येक ओळीत १ येते, आणि इंटरसेप्टचा कॉलमही सगळीकडे १ असतो. एकच माहिती दोनदा शिरली. मग इंटरसेप्ट पाचने वाढवून तिन्ही गुणक पाचने कमी केले तरी अंदाज तेच राहतात, म्हणजे उत्तर एक राहत नाही, अगणित होतात. म्हणून तीन गटांसाठी कॉलम दोनच ठेवायचे. प्रश्न एवढाच की तिसऱ्या गटाचे काय करायचे, आणि डमी कोडिंग व इफेक्ट कोडिंग इथेच वेगळ्या वाटांनी जातात.

R मध्ये काही न सांगता जे होते ते डमी कोडिंग:

```r
contrasts(warpbreaks$tension)
#   M H
# L 0 0
# M 1 0
# H 0 1
```

या तक्त्यात आडव्या ओळी गटांच्या आहेत, उभे कॉलम मॉडेलमध्ये जाणारे. L ची ओळ पाहा: दोन्हीकडे शून्य. म्हणजे L मधल्या नोंदीसाठी दोन्ही गुणक गळून पडतात आणि उरतो फक्त इंटरसेप्ट. तीन गट आणि इंटरसेप्ट धरून तीन गुणक असल्यामुळे मॉडेलला प्रत्येक गटाची सरासरी अचूक गाठता येते, आणि लघुतम वर्गांची पद्धत नेमके तेच करते. तेव्हा इंटरसेप्ट येतो ३६.३९, L ची सरासरी. M पुढचा गुणक येतो −१०.००, कारण ३६.३९ मधून दहा गेले की २६.३९. H पुढचा −१४.७२, कारण त्याने आपण २१.६७ वर पोचतो.

इथे L हा संदर्भगट झाला. दोन्ही गुणक L पासूनचे अंतर सांगतात. M आणि H यांच्यातला फरक या छापील तक्त्यात कुठेच थेट दिसत नाही, तो वजाबाकीने काढावा लागतो. इंटरसेप्टला इथे खास गूढ असे काही नाही. कॉलम सगळे शून्य असताना मॉडेल जे सांगते तो इंटरसेप्ट, आणि सगळे शून्य असण्याची जागा इथे L च्या घरात आहे. बाकी सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे: इंटरसेप्टचा अर्थ हवा असेल तर शून्य कुठे ठेवले आहे ते शोधायचे.

आता इफेक्ट कोडिंग:

```r
contrasts(warpbreaks$tension) <- contr.sum(3)
contrasts(warpbreaks$tension)
#   [,1] [,2]
# L    1    0
# M    0    1
# H   -1   -1
```

शेवटच्या गटाला शून्य न देता दोन्ही कॉलमांत −१ दिले. आता दोन्ही कॉलम शून्य आहेत अशी ओळच या तक्त्यात नाही. शून्याची जागा कोणत्याही गटाच्या घरात राहिली नाही, ती गटांच्या मधल्या मोकळ्या जागेत गेली. नेमकी कुठे, ते तीन समीकरणे लिहून पाहता येते. इंटरसेप्टला a म्हणू, गुणकांना b₁ आणि b₂:

```
L = a + b1
M = a + b2
H = a - b1 - b2
```

तिन्ही समीकरणे एकाखाली एक ठेवून बेरीज करा. b₁ एकदा अधिक, एकदा उणे, b₂ चेही तसेच, दोन्ही कटतात. उरते L + M + H = ३a. म्हणजे इंटरसेप्ट ही तीन गटांच्या सरासऱ्यांची सरासरी झाली: ३६.३९, २६.३९ आणि २१.६७ यांची बेरीज भागिले तीन, म्हणजे २८.१५. वर्गात मी ही बेरीज फळ्यावर करून दाखवतेच, कारण तो −१ तिथे का आहे हे एरवी पाठ करावे लागते आणि बेरीज पाहिल्यावर आपोआप दिसते. तो कटाकटीसाठीच आहे.

गुणक आता या मध्यापासूनचे अंतर सांगतात. L चा +८.२४, M चा −१.७६. H चा गुणक छापून येत नाही, पण तिन्हींची बेरीज शून्य असल्यामुळे तो −६.४८ असलाच पाहिजे. R मधली एक त्रासदायक गोष्ट इथे सांगायला हवी: या पद्धतीत निकालात गटांची नावे येत नाहीत, `tension1` आणि `tension2` अशी नावे येतात. डमी कोडिंगची सवय असलेला माणूस `tension1` म्हणजे "दुसरा गट वजा पहिला" असे समजतो, आणि L च्या गुणकाचा अर्थ M ला चिकटवून मोकळा होतो. आकडे वाचण्याआधी `contrasts()` चा तक्ता समोर ठेवला की ही चूक होत नाही.

दोन्ही मॉडेलांचे अंदाज एकच आहेत. उरलेली त्रुटी एकच, R² एकच, ताणाच्या एकूण एफ-परीक्षेचा निकालही एकच. त्याच तीन ठिकाणांची अंतरे एकदा L च्या दारातून मोजली आणि एकदा तिघांच्या मध्यावरून, एवढाच फरक. ताण हा एकच घटक असेपर्यंत हा निव्वळ सोयीचा प्रश्न आहे. नेहमीची पद्धत आणि तीन नव्या पद्धती अशी तुलना असेल तर डमी कोडिंग चांगले, कारण प्रत्येक गुणक थेट "नवी वजा नेहमीची" असतो. कोणताच गट मानाचा नसेल, उदाहरणार्थ सहा तालुके किंवा आठ शाळा, तर एकाला संदर्भ बनवून बाकीच्यांना त्याच्याशी ताडण्यात फारसा अर्थ नसतो, आणि मध्यापासूनचे अंतर अधिक काही सांगते.

गटांतल्या नोंदी समान नसतील तर मात्र आणखी एक वळण येते, आणि अनेक पाठ्यपुस्तके ते एका ओळीत उरकतात. "इफेक्ट कोडिंगमध्ये इंटरसेप्ट म्हणजे एकूण सरासरी" असे सर्रास लिहिलेले असते. आपल्या ५४ नोंदींत ते खरे आहे, कारण प्रत्येक गटात १८ नोंदी आहेत. समजा जास्त ताणाच्या काही नोंदी हरवल्या. दोन्ही लोकरींच्या H मधल्या शेवटच्या सहा-सहा काढून टाकू:

```r
w2 <- warpbreaks[-c(22:27, 49:54), ]
mean(w2$breaks)                            # 30.38
coef(lm(breaks ~ tension, data = w2))[1]   # 29.04
```

L आणि M मध्ये अजून १८-१८ नोंदी आहेत, H मध्ये सहाच उरल्या आणि त्यांची सरासरी २४.३३ झाली. उरलेल्या ४२ नोंदींची एकूण सरासरी ३०.३८ आहे. इंटरसेप्ट मात्र २९.०४ येतो. वरची तीन समीकरणे पुन्हा आठवा: त्यांच्यात कुठे किती नोंदी आहेत याचा उल्लेखच नव्हता. प्रत्येक गटाला बेरजेत एकच मत मिळाले, मग त्याच्यामागे १८ नोंदी असोत की सहा. म्हणून ३६.३९, २६.३९ आणि २४.३३ यांची साधी सरासरी, २९.०४. एकूण सरासरीत L आणि M ची संख्या जास्त म्हणून त्यांचा जोर जास्त, आणि म्हणून ती वर सरकलेली.

एकूण सरासरीच इंटरसेप्टमध्ये हवी असेल तर H च्या ओळीत −१ ऐवजी −३ लिहायचे, म्हणजे उणे १८ भागिले सहा. मग समीकरणांना त्यांच्या नोंदसंख्येने गुणून बेरीज केली की b₁ आणि b₂ पुन्हा कटतात आणि a बरोबर ३०.३८ येतो. याला भारित इफेक्ट कोडिंग म्हणतात.

यांतले कोणते घ्यायचे ते नोंदी कमी का झाल्या त्यावर आहे असे माझे मत आहे. प्रयोगात समान नोंदी ठरवल्या होत्या आणि काही हरवल्या, तर ती घट हा अपघात आहे. त्या अपघाताला सरासरीत मत देऊ नये, साधे इफेक्ट कोडिंगच ठेवावे. पण नोंदी पाहणीतून आल्या असतील आणि गट लहान आहे कारण समाजातच तो लहान आहे, तर ते प्रमाण खरे आहे, आणि ते पुसून टाकणारी सरासरी अशा समाजाबद्दल बोलते जो कुठेच नाही. तिथे भारित कोडिंग हवे. डमी कोडिंगला या सगळ्याने काही होत नाही. H च्या नोंदी कितीही गेल्या तरी त्याचा इंटरसेप्ट L ची सरासरीच राहतो.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. तिच्या मॉडेलमध्ये लोकर होती, ताण होता आणि दोघांची आंतरक्रिया होती, म्हणजे लोकरीचा परिणाम ताणानुसार बदलू शकतो अशी मुभा होती. सहा जोड्यांच्या सरासऱ्या अशा आहेत. लोकर A: कमी ताणाला ४४.५६, मध्यमला २४.००, जास्तला २४.५६. लोकर B: अनुक्रमे २८.२२, २८.७८, १८.७८. हे आकडे जरा थांबून पाहावेत. कमी ताणाला A लोकर B पेक्षा १६.३३ ने जास्त तुटते. मध्यम ताणाला उलटे होते, A ४.७८ ने कमी तुटते. जास्त ताणाला पुन्हा A जास्त, पण ५.७८ नेच. डमी कोडिंगचा निकाल असा येतो:

```
                 Estimate  Std. Error   p
(Intercept)       44.556     3.647
woolB            -16.333     5.157     0.0027
tensionM         -20.556     5.157     0.0002
tensionH         -20.000     5.157     0.0003
woolB:tensionM    21.111     7.293     0.0057
woolB:tensionH    10.556     7.293     0.1543
```

इंटरसेप्ट ४४.५६ आहे, म्हणजे A लोकर आणि L ताण या एका कोपऱ्यातल्या नऊ नोंदींची सरासरी. शून्य तिथे आहे. आता `woolB` वाचायचा. हा गुणक एकटा कधी लागू होतो? ताणाचे कॉलम शून्य असताना. ताणाचे कॉलम शून्य म्हणजे L. तेव्हा −१६.३३ हा "लोकरीचा परिणाम" नाहीच; तो फक्त कमी ताणावरचा लोकरीचा परिणाम आहे. ०.००२७ हे पी-मूल्यही त्याचेच. मध्यम ताणाचा परिणाम हवा असेल तर −१६.३३ मध्ये २१.११ मिळवायचे, +४.७८ येतात, जसे सरासऱ्यांत दिसले होते.

विद्यार्थिनीला मी संदर्भगट बदलून पाहायला सांगितले. `relevel()` ने M ला संदर्भ केले. `woolB` झाला +४.७८ आणि पी-मूल्य सुमारे ०.३६. H ला संदर्भ केले तर −५.७८ आणि सुमारे ०.२७. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. तोच डेटा, तेच अंदाज, तोच R², आणि "लोकर" या एकाच नावापुढे तीन पी-मूल्ये. आंतरक्रिया मॉडेलमध्ये असताना कोडिंग फक्त इंटरसेप्ट हलवत नाही हे इथे कळते. एका घटकाचे शून्य कुठे आहे त्यावर दुसऱ्या घटकाच्या गुणकाचा अर्थ ठरतो.

दोन्ही घटकांना इफेक्ट कोडिंग दिले की शून्य सहाही कोपऱ्यांच्या मध्यावर जाते. इंटरसेप्ट २८.१५, सहा सरासऱ्यांची सरासरी. `wool1` येतो २.८९, पी-मूल्य ०.०५८. आता ताणाचे कॉलम शून्य असणे म्हणजे तिन्ही ताणांचा मध्य, त्यामुळे हा लोकरीचा तिन्ही ताणांवरचा सरासरी परिणाम आहे. एक खुबी लक्षात ठेवावी: दोनच गट असताना हा गुणक निम्मा असतो. A मध्यापेक्षा २.८९ वर आणि B तेवढाच खाली, तेव्हा दोघांतला फरक ५.७८. हा दुपटीचा हिशेब विसरून परिणाम निम्माच छापलेले निबंध मी परीक्षक म्हणून वाचले आहेत.

म्हणजे तिच्या दोन कागदांपैकी पहिला विचारत होता, "कमी ताणावर दोन लोकरींत फरक आहे का?" आणि दुसरा विचारत होता, "तिन्ही ताण समान धरून सरासरीने फरक आहे का?" दोन्ही प्रश्न योग्य आहेत. "मग टेबलात काय लिहू?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि त्याच्याकडे येण्याआधी एक जागा दाखवायला हवी जिथे चूक नुसत्या वाचनात राहत नाही, निकालातच शिरते.

अनेकजण आंतरक्रियेसह एफ-परीक्षा मागताना तिसऱ्या प्रकारच्या वर्गांच्या बेरजा मागतात, R मध्ये बहुधा `car` पॅकेजमधून:

```r
m <- lm(breaks ~ wool * tension, data = datasets::warpbreaks)
car::Anova(m, type = 3)
```

हा तिसरा प्रकार प्रत्येक घटकाचे कॉलम काढून पाहतो की मॉडेल किती बिघडले. कॉलम इफेक्ट कोडिंगचे असतील तर यातून मुख्य परिणामाची, म्हणजे सरासरी परिणामाची परीक्षा होते. R च्या मुळच्या डमी कोडिंगवर हीच आज्ञा चालवली तर लोकरीची ओळ एफ १०.०३ दाखवते, आणि तिचे नाव मात्र "मुख्य परिणाम" असेच राहते. हे १०.०३ म्हणजे `woolB` च्या −३.१६७ या टी-मूल्याचा वर्गच आहे, कमी ताणावरचीच परीक्षा नाव बदलून आलेली. खरा मुख्य परिणाम एफ ३.७७ देतो. ताणाच्या ओळीचेही तसेच: एफ ८.५० यायला हवा तिथे १०.३१ येतो, कारण परीक्षा फक्त A लोकरीतल्या ताणांची झाली. नोंदी पूर्ण समान असताना हे होते हे लक्षात घ्या; असमान नोंदींवर खापर फोडता येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. नोंदी समान असतील तर साधे `anova(m)` आणि तिसऱ्या प्रकाराचा तक्ता तंतोतंत जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर कोडिंग पाहा. दुसरी खूण इंटरसेप्टच देतो: तो एखाद्या कोपऱ्याच्या सरासरीशी तंतोतंत जुळत असेल तर डमी कोडिंग, कोपऱ्यांच्या साध्या सरासरीशी जुळत असेल तर इफेक्ट कोडिंग. उपाय म्हणजे मॉडेल बसवण्याआधी प्रत्येक घटकाला `contr.sum` देणे. आंतरक्रियेच्या ओळीला मात्र दोन्हीकडे एकच एफ मिळतो, ४.१९, पी-मूल्य ०.०२१, कारण सर्वांत वरच्या पातळीच्या परीक्षेवर शून्याच्या जागेचा परिणाम होत नाही.

सॉफ्टवेअर बदलले की मूळ पद्धतही बदलते, आणि कागदावर ते सहसा लिहिलेले नसते. R पहिल्या गटाला संदर्भ धरते; SAS मधली `PROC GLM` शेवटच्या गटाला. JMP मुळातच इफेक्ट कोडिंग करते. SAS मधली `PROC LOGISTIC` सुद्धा, `CLASS` मध्ये काही न सांगितले तर, इफेक्ट कोडिंगच करते. तिथे दोन गटांच्या गुणकाचा घातांक घेऊन कोणी शक्यतांचे गुणोत्तर म्हणून छापले तर ते चुकीचे असते; आधी गुणक दुप्पट करावा लागतो.

लॉग घेणाऱ्या मॉडेलांत आणखी एक बारकावा आहे. तुटण्यांची संख्या ही मोजणी आहे, आणि खरे तर तिला पॉयसाँ किंवा तत्सम मॉडेल जास्त शोभते. A आणि L च्या कोपऱ्यात २५ पासून ७० पर्यंत आकडे पसरलेले आहेत, बाकी कोपरे त्यापेक्षा आवळलेले, हे साध्या रिग्रेशनच्या गृहीतकात बसत नाही. इथे मी समजायला सोपे म्हणून साधे रिग्रेशन घेतले. पॉयसाँमध्ये डमी कोडिंगच्या इंटरसेप्टचा घातांक घेतला तर ४४.५६ च परत येतो. इफेक्ट कोडिंगमध्ये मात्र इंटरसेप्ट हा सहा सरासऱ्यांच्या लॉगांची सरासरी असतो, आणि त्याचा घातांक २७.१५ येतो, २८.१५ नाही. ती भूमितीय सरासरी आहे. हे एकाचे अंतर पाहून गणितात चूक झाली असे समजून कोणी रात्र घालवू नये.

इंटरसेप्टपुढच्या पी-मूल्याबद्दलही दोन शब्द. ते इंटरसेप्ट शून्य आहे का एवढेच विचारते. ताणा कधीच तुटत नाही का, असा हा प्रश्न झाला, आणि तो कोणालाच पडलेला नाही. वरच्या तक्त्यात ती जागा मी म्हणूनच रिकामी ठेवली. पण कोडिंग विचारपूर्वक केले आणि मोजमाप स्वतःच एखाद्या मानकापासूनचे अंतर असेल, उदाहरणार्थ ठरलेल्या वजनापेक्षा पाकीट किती जड भरले, तर तीच ओळ तक्त्यातली सर्वांत कामाची होते.

आता टेबल. या आकड्यांसाठी मला स्वतःला ५.७८ हा सरासरी फरक फार उपयोगी वाटत नाही. तो १६.३३, −४.७८ आणि ५.७८ यांची सरासरी आहे. त्यातला मधला तर उलट दिशेचा आहे. माग चालवणारा माणूस एका वेळी एकाच ताणावर माग चालवतो, तिन्हींच्या सरासरीवर नाही. जास्त ताणावरचा फरक योगायोगाने सरासरीइतकाच आहे, म्हणून इफेक्ट कोडिंगच्या आंतरक्रियेत A आणि H ची जागा बरोबर शून्य येते. L ची +५.२८, M ची −५.२८. या तीन आकड्यांत सगळी गोष्ट आहे: A लोकर कमी ताणावर तिच्या सरासरी वागण्यापेक्षा वाईट, मध्यमवर तेवढीच चांगली.

विद्यार्थिनीने शेवटी सरावाच्या त्या टेबलात तीन ओळी लिहिल्या, प्रत्येक ताणासाठी A वजा B चा फरक आणि त्याची प्रमाण त्रुटी ५.१६, आणि खाली आंतरक्रियेचे पी-मूल्य ०.०२१. टेबलाच्या तळटीपेत तिने कोडिंगचे नाव आणि संदर्भगट घातला. मग पिशवीतून प्रबंधाचे चौथे प्रकरण काढले आणि तिथल्या प्रत्येक मॉडेलच्या इंटरसेप्टशेजारी पेन्सिलने लिहायला बसली, की हे शून्य कोणाच्या घरात आहे.